ज्ञानदा, जशी पासपोर्टवर आहे तशी

"मावशी, माझा पासपोर्ट नंबर एमने सुरू होतो की झेडने?"

रात्रीचे साडेदहा झाले होते. साताऱ्याहून भाचीचा फोन. मी म्हटलं, अगं, पासपोर्ट तुझ्याकडे आहे, मला काय विचारतेस? ती म्हणाली, "माझ्या हातातल्या पासपोर्टवर झेड आहे. पण परीक्षेच्या ईमेलमध्ये एम लिहून आलंय. मग हा एम आला कुठून?"

आयईएलटीएसच्या परीक्षेला सोळा दिवस उरले होते. फी भरून झाली होती, आणि ती फी अठरा हजारांच्या घरात होती. लीड्सच्या विद्यापीठात एमएस्सीला अर्ज करायचा, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, त्यासाठी हे सगळं. तीन महिने तिने लिहिण्याचा आणि ऐकण्याचा सराव केला होता. अर्ज भरायला मात्र पंचवीस मिनिटं दिली होती, तीही एका नेट कॅफेत, ओळखीच्या मुलाकडे.

तिचं खरं नाव इथे देत नाही. पण अडचण त्याच घडणीची राहावी म्हणून ज्ञपासून सुरू होणारंच नाव घेतलं आहे. तिला ज्ञानदा म्हणू. ज्ञानदा विनायक क्षीरसागर. या लेखात जे नंबर येतील तेही कल्पित आहेत.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघींनी तिचा पासपोर्ट पानापानाने पाहिला. एम सापडला तो शेवटच्या पानावर. ज्ञानदा बारा वर्षांची असताना तिच्या वडिलांना कंपनीने सिंगापूरला पाठवलं होतं, तेव्हा तिचा पहिला पासपोर्ट काढला होता. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल तेवढा असतो. तो केव्हाच संपला होता. नवा काढला तेव्हा त्याच्या शेवटच्या पानावर, आईवडिलांची नावं आणि पत्ता यांच्या खाली, जुन्या पासपोर्टचा नंबर, तारीख आणि ठिकाण छापून आलं. कॅफेतल्या मुलाकडे तिने दोन्ही पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. त्याने दुसरा फोटो उघडला, त्यात पासपोर्ट नंबर अशी अक्षरं दिसली, आणि त्याने तो नंबर टाइप केला. त्याच्याही खाली फाइल नंबर असतो, तो आणखी लांब. तो टाइप केला असता तर लांबीवरून तरी कुणाच्या लक्षात आलं असतं. पण जुना पासपोर्ट नंबर अगदी नव्यासारखाच दिसतो: एक अक्षर, पुढे सात आकडे.

आणि अर्जाने तो घेतला. नंबरची घडण बरोबर होती, त्यामुळे पडद्यावर लाल अक्षरात काहीच आलं नाही. माणसाची ओळख बरोबर आहे की नाही हे अर्ज सांगू शकत नाही, तो फक्त चौकट भरली आहे का एवढं पाहतो. ही गोष्ट मला तेव्हा नीट कळली. नंतर याच विषयावर लिहायचं ठरवून मी साताऱ्यातल्या एका क्लासच्या बाईंकडे, मिरजेतल्या एका नर्सकडे आणि पुण्यात परदेशी प्रवेशाची कामं करणाऱ्या एका गृहस्थांकडे जाऊन बसले. तिघांनीही सुरुवात वेगळी केली, पण तिघंही एकाच जागी आले: आपण परीक्षेच्या अर्जात स्वतःचं नाव लिहीत नसतो, एका छापील पानाची नक्कल करत असतो.

हे ऐकायला सोपं वाटतं. मराठी माणसाला ते जड जातं, कारण आपलं नाव तीन खोल्यांचं आणि पासपोर्टचं घर दोन खोल्यांचं.

आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर तेच उलटून येतं, आडनाव आधी: क्षीरसागर ज्ञानदा विनायक. कॉलेजच्या ओळखपत्रावर मधलं नाव एका अक्षरात आटतं. बँकेत कधी आहे, कधी नाही. आता तर त्यात आईचंही नाव येतं आहे. सरकारी कागदपत्रांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम लावण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने 2024 मध्ये घेतला. पुढच्या पिढीची नावं चार खोल्यांची होतील. पासपोर्टवर मात्र दोनच ओळी आहेत. वरची Surname, तिच्यावर हिंदीत उपनाम. खालची Given Name, तिच्यावर दिया गया नाम. वडिलांच्या नावाला पहिल्या पानावर स्वतःची अशी जागा नाही. ते शेवटच्या पानावर आहे. पहिल्या पानावर ते आलंच, तर Given Name मध्ये मुलीच्या नावाशेजारी बसून येतं.

म्हणजे एकाच गावातल्या दोन मैत्रिणींच्या पासपोर्टवर दोन वेगळे प्रकार असू शकतात. एकीच्या Given Name मध्ये नुसतं तिचं नाव, दुसरीच्या तिचं आणि वडिलांचं. पासपोर्टचा अर्ज भरताना घरात ज्याने तो भरला त्याने काय केलं यावर ते ठरतं. दोन्ही चालतात. चालत नाही ते हे, की पासपोर्टवर एक प्रकार आणि परीक्षेच्या निकालावर दुसरा.

ज्ञानदाच्या पासपोर्टवर Surname समोर KSHIRSAGAR आहे आणि Given Name समोर DNYANADA VINAYAK. ईमेलमध्ये तिचं नाव फक्त Dnyanada आलं होतं. नंबराच्या गडबडीत ही दुसरी चूक आम्हाला आधी दिसलीही नाही. वडिलांचं नाव गळालं होतं. मी तिला विचारलं, हे कसं झालं? ती म्हणाली, "त्याने मला विचारलं, तुझं नाव काय? मी सांगितलं ज्ञानदा."

पुण्यातल्या गृहस्थांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघा ना, ताई. पोरीने खरंच सांगितलं. पण त्या चौकटीला तिचं नाव नको होतं, त्या ओळीतला मजकूर हवा होता."

त्यांच्या टेबलावर पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या प्रतींचा गठ्ठा होता आणि प्रत्येकीवर तळाच्या दोन ओळी पिवळ्या पेनाने रंगवलेल्या. लहान, एकसारख्या अक्षरांच्या, बाणासारख्या खुणांनी भरलेल्या त्या ओळी आपण सहसा वाचत नाही. विमानतळावरचं यंत्र वाचतं. त्यांनी मला सांगितलं की नावाबद्दल शंका आली की वरचं पान सोडून आधी इथे पाहायचं. ज्ञानदाची पहिली ओळ अशी आहे:

```
P<INDKSHIRSAGAR<<DNYANADA<VINAYAK<<<<<<<<<<<
```

ओळ नेहमी 44 खुणांची असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने हा साचा ठरवला आहे आणि जगभरच्या पासपोर्टांत तो सारखाच असतो. सुरुवातीचा P म्हणजे पासपोर्ट, IND म्हणजे भारत. मग आडनाव. त्यानंतर दोन बाण, म्हणजे आडनाव संपलं. पुढे नाव, आणि नावातल्या दोन शब्दांत एकच बाण. नाव संपल्यावर उरलेली जागा बाणांनी भरून काढतात.

याचा आपल्याला उपयोग असा. वरच्या छापील ओळीत साई आणि प्रसाद यांच्यामध्ये रिकामी जागा आहे की नाही हे प्रतीवरून कित्येकदा कळत नाही. खालच्या ओळीत SAI<PRASAD असेल तर ते दोन शब्द, SAIPRASAD असेल तर एक. परीक्षेच्या अर्जात तसंच लिहायचं. तसंच दोन बाणांच्या डावीकडे जे आहे ते आडनावाच्या चौकटीत, उजवीकडचं सगळं नावाच्या चौकटीत. घरी आपण कुणाला काय म्हणतो हा प्रश्नच उरत नाही. अक्षरं मोठी की लहान याने काही बिघडत नाही. शब्द, त्यांचा क्रम, स्पेलिंग आणि मधली जागा यांनी बिघडतं.

स्पेलिंगचा तर आपल्याकडे स्वतंत्र अध्याय आहे. ज्ञ आपण द्न्य म्हणतो म्हणून DNY लिहितो. हिंदी बोलणारा माणूस ग्य म्हणतो आणि GY लिहितो. ज्ञानदाच्या पहिल्या बँक खात्यावर Gyanada आहे, कारण ते उघडणारा कर्मचारी उत्तरेकडचा होता. लक्ष्मीचे Lakshmi आणि Laxmi, श्रीकांतचे Shri आणि Shree, क्षीरसागरमधला एक i की दोन e. यातलं बरोबर कोणतं हा वाद इथे कामाचा नाही. पासपोर्टवर चुकीचं असेल आणि तो पासपोर्ट घेऊनच परीक्षेला जायचं असेल, तर अर्जातही तेच चुकीचं स्पेलिंग हवं. साताऱ्याच्या बाईंचा एक विद्यार्थी इथे अडला होता. पासपोर्टवर त्याच्या आडनावातला एक h राहिला होता. अर्ज भरताना त्याने मोठ्या प्रामाणिकपणे ते सुधारून लिहिलं. त्याच्या दृष्टीने त्याने चूक दुरुस्त केली होती. तपासणाऱ्याच्या दृष्टीने ती दोन माणसं होती.

आता नंबराकडे येते, कारण ज्ञानदाची मोठी चूक तिथे होती.

भारतात आयईएलटीएसला ओळखीचा कागद म्हणून पासपोर्टच लागतो. ज्या नंबराने नोंदणी केली तोच मूळ पासपोर्ट, मुदत न संपलेला, परीक्षेच्या दिवशी हातात हवा. झेरॉक्स नाही, फोनमधला फोटो नाही. केंद्रावर तो पाहतात, तुमचा फोटो काढतात, बोटाचा ठसा घेतात. आणि हा नंबर तिथेच संपत नाही. निकालाच्या कागदावर Candidate ID अशी चौकट असते, तिच्यात तोच छापून येतो. विद्यापीठ किंवा व्हिसाचं कार्यालय निकाल आणि पासपोर्ट शेजारी ठेवून पाहतं तेव्हा नाव, जन्मतारीख आणि हा नंबर, या तीन गोष्टी पाहतं. चुकीचा नंबर केंद्रावर कुणाच्या नजरेतून सुटला, तरी तो दोन वर्षं त्या कागदावर राहणार.

पिवळ्या रंगातल्या दुसऱ्या ओळीची सुरुवात पुण्याच्या गृहस्थांनी मला दाखवली. समजा नंबर Z1234567 आहे, तर ओळ अशी सुरू होते:

```
Z1234567<1IND
```

नंबरासाठी नऊ घरं ठेवलेली असतात. आपला नंबर आठ खुणांचा, म्हणून नवव्या घरात बाण. त्यानंतरचा 1 हा पासपोर्ट नंबराचा भाग नाही. तो पडताळणीचा आकडा आहे. कित्येक जण हा बाण सोडून पुढचा 1 नंबराला चिकटवतात आणि मग अर्जात नऊ खुणा होतात. ही चूक अगदी जाणत्या माणसांकडूनही होते, कारण ती त्या ओळीवरून नक्कल करतात. नावासाठी खालची ओळ पाहावी, नंबरासाठी मात्र पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातलाच घ्यावा.

तो 1 कसा येतो हे मी हट्टाने समजून घेतलं. इंग्रजी अक्षराला एक किंमत असते, A म्हणजे 10, B म्हणजे 11, असं करत Z म्हणजे 35. मग प्रत्येक खुणेला ओळीने 7, 3, 1, पुन्हा 7, 3, 1 ने गुणायचं. Z चे 35 गुणिले 7, म्हणजे 245. पुढचे आकडे 3, 2, 21, 12, 5, 42 आणि 21 असे येतात. बाणाची किंमत शून्य. सगळ्यांची बेरीज 351. तिचा शेवटचा आकडा 1, तोच पडताळणीचा आकडा. आता टाइप करताना 4 आणि 5 ची अदलाबदल होऊन Z1235467 झालं असं धरा. बेरीज 353 येते आणि शेवटचा आकडा 3. छापलेला 1 आणि आलेला 3 जुळत नाहीत, म्हणजे कुठेतरी हात चुकला.

संध्याकाळी मी वहीत हे स्वतःच्या नंबरावर करून पाहिलं. जुळलं तेव्हा फार बरं वाटलं. पण याची मर्यादाही सांगायला हवी. Z च्या जागी P लिहिलं तरी बेरीज 281 होते आणि शेवटी 1 च उरतो. ती चूक या गणिताला दिसत नाही. आणि ज्ञानदाच्या बाबतीत तर गणिताचा काही उपयोगच नव्हता. तिचा जुना नंबर स्वतःच्या जागी पूर्ण बरोबर होता, त्याचा पडताळणीचा आकडाही बरोबर आला असता. तो फक्त संपलेल्या पासपोर्टचा होता. अशी चूक धरायला एकच मार्ग आहे: चालू पासपोर्ट हातात घेऊन, पहिलं पान उघडून, ईमेलशी अक्षरन् अक्षर लावून पाहणं.

साताऱ्याच्या बाई ते काम जोडीने करून घेतात. क्लासच्या संगणकाशी एक मुलगा पडद्यासमोर बसतो, दुसरा पासपोर्ट धरून उभा राहतो. उभा असलेला नंबर शेवटून सुरुवातीकडे वाचतो. सात, सहा, पाच. बसलेला पडद्यावर बोट ठेवतो. मी विचारलं, उलटा का? त्या म्हणाल्या, "सुलटा वाचला की पोरं पाठ म्हणतात, वाचत नाहीत. स्वतःचा मोबाइल नंबर म्हणतो ना आपण, तसं." नंतर जागा बदलून नाव. नाव मात्र सुलटं, पण एकेक अक्षर सुटं. हे पैसे भरायच्या आधी. पासपोर्टची प्रत अपलोड करतानाही त्या फाइल उघडून दाखवायला लावतात, कारण फाइलचं नाव पासपोर्ट असलं तरी आत काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. ब्राउझरला स्वतःहून नाव भरू देत नाहीत. तो मागे कधीतरी खरेदी करताना दिलेलं नाव आणून ठेवतो, आणि त्यात वडिलांचं नाव नसतं.

ज्ञानदाने दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणीच्या ईमेलवर दिलेल्या पत्त्यावर लिहिलं. पत्र मीच तिला चार ओळींचं करायला सांगितलं होतं. नोंदणी क्रमांक, परीक्षेची तारीख, अर्जात काय आहे, पासपोर्टवर काय आहे. सोबत चालू पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, रंगीत, चारही कोपरे दिसतील असं. तिच्या पहिल्या मसुद्यात कॅफेतल्या मुलाची चूक, वडिलांची बदली, सिंगापूर, सगळं होतं. ते काढून टाकलं. शेवटचं पान ठेवलं, कारण तो एम कुठून आला याचं उत्तर त्या पानावरच छापलेलं होतं. नवीन आणि जुना नंबर एकाच माणसाचे आहेत हे त्याहून चांगलं कुणी सांगू शकलं नसतं. चौथ्या दिवशी दुरुस्त ईमेल आला. नाव DNYANADA VINAYAK, नंबर झेडचा.

तिचं निभावलं, कारण तिने ते परीक्षेच्या आधी पाहिलं. नंतर पाहिलं तर काय होतं ते मिरजेच्या नर्सताईंनी सांगितलं. त्यांच्या अर्जात काहीच चूक नव्हती. मार्चमध्ये माहेरच्या नावाने परीक्षा दिली, हवे तेवढे गुण मिळाले. मे महिन्यात लग्न झालं. पासपोर्टची मुदत संपत आलीच होती, म्हणून नवा काढताना नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावून घेतलं. पासपोर्ट पुन्हा काढला की त्याचा नंबर नवा येतो, नाव तेच ठेवलं तरी. त्यामुळे निकालाच्या कागदावर एक नाव, एक नंबर, आणि हातातल्या पासपोर्टवर दुसरं नाव, दुसरा नंबर. परदेशात नर्स म्हणून नोंदणी करताना त्यांना दोन्ही पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला जोडून प्रत्येक ठिकाणी समजावून द्यावं लागलं. रद्द झालेला जुना पासपोर्ट आपल्याला परत मिळतो. त्यांच्या सासूबाई तो जुना कागद म्हणून टाकून द्यायला निघाल्या होत्या. "तो गेला असता तर माझे मार्क गेले असते," त्या म्हणाल्या, आणि मला त्यात अजिबात अतिशयोक्ती वाटली नाही.

लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायलाच हवं असं बंधन नाही. बदलायचं असेल तर जरूर बदलावं, पण क्रम ठरवून. पासपोर्टमध्ये काहीही बदल करायचा असेल, मुदत संपत आली असेल, स्पेलिंग चुकलं असेल, तर आधी पासपोर्ट, मग परीक्षेची नोंदणी. उलट केलं की जो नंबर आपण भरला तो आपल्याच हाताने रद्द करून घेतो. पासपोर्टला लागणारे आठवडे मोजून परीक्षेची तारीख धरावी, परीक्षेची तारीख धरून पासपोर्टमागे धावू नये, असं पुण्याचे गृहस्थ कळवळून सांगत होते. त्यांनी दर वर्षी हे पाहिलं आहे.

त्यांच्या मते सगळ्यात अवघड पासपोर्ट म्हणजे ज्यावर Surname ची ओळ रिकामी आहे. पूर्ण नाव, आडनावासकट, Given Name मध्ये. खेड्यातल्या पुष्कळ पासपोर्टांवर असं असतं, कारण अर्ज भरणाऱ्याने पहिल्याच चौकटीत सगळं लिहिलं. इथे नकलेचा नियम अपुरा पडतो: अर्जात आडनावाची चौकट सक्तीची, आणि पासपोर्टवर तिच्यात लिहायला काही नाही. प्रत्येक देशाने यावर आपापला तोडगा काढला आहे. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात अशा वेळी सगळं नाव आडनावाच्या चौकटीत जातं आणि नावाच्या जागी FNU लिहितात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 मध्ये एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश थांबवला होता. परीक्षेच्या बाबतीत केंद्राला आधी लेखी विचारून त्यांनी सांगितलं तसं भरावं आणि ते उत्तर जपून ठेवावं. पण हातात तीन-चार महिने असतील तर पासपोर्टच नीट करून घ्यावा, आडनाव आडनावाच्या ओळीत. पुढे विमानाचं तिकीट आहे, बँक आहे, घरभाड्याचा करार आहे. प्रत्येक ठिकाणी ती रिकामी ओळ आडवी येणार.

परीक्षेच्या दिवशी मी ज्ञानदाबरोबर पुण्याला केंद्रावर गेले होते. बाहेर फुटपाथवर आईवडील उभे, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली आणि प्लास्टिकचा फोल्डर. एका मुलाचे वडील फाटकातून आत बोट दाखवून सुरक्षारक्षकाला सांगत होते की आधार आहे, पॅन आहे, पासपोर्ट तेवढा कोल्हापूरला राहिला. मला त्यांच्याकडे बघवेना.

ज्ञानदा अडीच-तीन तासांनी बाहेर आली. पेपर कसा गेला हे मी विचारायच्या आधी ती म्हणाली, "मावशी, सुरुवातीला पडद्यावर नाव आलं. नाव, जन्मतारीख आणि परीक्षेचा नंबर. बरोबर असेल तर बटण दाबा, नसेल तर पर्यवेक्षकांना सांगा."

"आणि पासपोर्टचा नंबर?"

"तो नाही येत तिथे. म्हणजे तो एम राहिला असता तर मी बरोबर आहे म्हणून बटण दाबलं असतं."

निकाल आला तेव्हा तिने गुण सांगायला फोन केला नाही. निकालाच्या कागदाचा फोटो पाठवला आणि मग फोन केला. तिकडे ती पासपोर्ट धरून उभी होती, इकडे मी फोटो मोठा करून चष्मा लावला.

"सांग," मी म्हटलं.

"सात," ती शेवटून सुरू झाली. "सहा. पाच."